सगळ्यांनी ओके म्हटलं, पण कुठल्या फाइलला?

पत्र

"आमची सहा जणांची टीम आहे, लोअर परळला एका गाळ्यात बसतो, मिठाईवाल्यांचे बॉक्स डिझाइन करून वडाळ्याच्या प्रेसमधून छापून देतो. दिवाळीआधी काजू कतलीच्या बॉक्सवर २५० ग्रॅमचं २०० ग्रॅम करायचं होतं. ज्युनिअरने केलं, पण सीनिअर डिझायनर त्याच वेळी जुन्या फाइलवर रंग सुधारत होता आणि ती जुनीच फाइल प्रेसला गेली. ३००० बॉक्स वाया. क्लायंट, सर, सीनिअर आणि मी, चौघांनी ओके म्हटलेलं होतं. मग मी बसून रेसी टेबल बनवलं, ४० कामं, सहा नावं, सोबत पाठवलंय. आता ते कोणी उघडतसुद्धा नाही. सर म्हणतात सहा जणांना कसलं टेबल, आणि सीनिअर रुसलाय की माझ्यावर विश्वास नाही. सक्ती करू की सोडून देऊ?"

— ऑपरेशन्स बघणारी एक वाचक

उत्तर

तुमचं टेबल मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मेहनत दिसते. सोडून देऊ नका, पण आत्ता जसं आहे तसं सक्तीने चालवूही नका, कारण सक्ती केली तरी त्याने तुमचा प्रश्न सुटणार नाहीये. का ते सांगते.

बाकीच्या वाचकांसाठी आधी दोन शब्द. रेसी टेबलात डावीकडे कामं असतात, वरती माणसं, आणि प्रत्येक चौकोनात एक अक्षर. आर म्हणजे जो ते काम हाताने करतो तो. ए म्हणजे ज्याच्या होकाराशिवाय ते काम पुढे जात नाही आणि चुकलं तर ज्याला उत्तर द्यावं लागतं तो. सी म्हणजे ज्याला निर्णयाच्या आधी विचारायचं, आणि आय म्हणजे ज्याला निर्णय झाल्यावर नुसतं कळवायचं. एवढंच आहे.

आता तुम्ही एक करा, दिवाळीचा तो गोंधळ तुमच्याच टेबलाला लावून बघा. तुमची १४ नंबरची ओळ आहे 'आर्टवर्क फायनल करणे'. तिथे आर दोघांना, ज्युनिअर आणि सीनिअर. ए तिघांना, सर, सीनिअर आणि तुम्ही. उरलेल्यांना सी. म्हणजे हे टेबल तेव्हा भिंतीवर लावलेलं असतं तरी हेच झालं असतं, दोघं दोन फायलींवर काम करत बसले असते आणि तिघांनी एकमेकांच्या भरवशावर ओके म्हटलं असतं. तुम्ही तीन ए टाकलेत कारण तुम्हाला वाटलं तीन जणांनी बघितलं तर चूक निसटणार नाही, आणि हा विचार अगदी सरळ वाटतो, पण प्रत्यक्षात उलटं होतं. तिघांच्या नावावर असलेली मंजुरी कोणाच्याच डोक्यावर नसते. सर म्हणतात डिझायनरने बघितलं असेलच, डिझायनर म्हणतो मॅडम प्रेसला पाठवायच्या आधी बघतीलच, आणि तुम्ही म्हणता सरांनी ओके दिलंय. म्हणून एका ओळीत ए एकच. या टेबलाचा हा एक नियम पाळला नाही तर बाकी सगळं रंगरंगोटी आहे.

पण याच्याही आत एक गोष्ट आहे, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. त्या दिवशी चौघंही खोटं बोलत नव्हते. क्लायंटने जी पीडीएफ बघून अंगठा दाखवला ती २०० ग्रॅमवाली नवीन होती, त्याचं ओके खरं. सीनिअरने रंग बघून ओके म्हटलं, रंग खरंच चांगला झाला असणार. चार जणांचे ओके चार वेगळ्या गोष्टींना होते. आणि 'क्लायंटने मंजूर केलेली फाइल आणि प्रेसला जाणारी फाइल एकच आहे का' हे बघणं कोणाचंच काम नव्हतं, कारण ते काम म्हणून कुठे लिहिलेलंच नव्हतं. तुमच्या ४० ओळींतही ते नाही. 'आर्टवर्क फायनल करणे' हे एक काम नाहीये, ती तीन कामं आहेत. मजकूर बरोबर आहे का, डिझाइन आणि रंग बरोबर आहेत का, आणि मंजूर झालेलीच फाइल प्रेसला चालली आहे का. तीन वेगळे प्रश्न, तिन्हींची उत्तरं देणारी माणसं वेगळी.

मजकुराचं आधी घेऊ. बॉक्सवरचं वजन, किंमत, घटक, एफएसएसएआयचा १४ आकडी लायसन्स नंबर, हे तुमच्या गाळ्यातल्या कोणालाच 'बरोबर आहे' असं म्हणता येणार नाही, ते फक्त मिठाईवाला सांगू शकतो. मग त्या ओळीत ए क्लायंटचा असायला हवा. तुमच्या टेबलात क्लायंटचा कॉलमच नाहीये, वरती फक्त गाळ्यातली सहा माणसं आहेत, आणि छोट्या टीमच्या टेबलात हे फार वेळा राहून जातं. क्लायंटला टाका. आणि हे हलक्यात घेऊ नका, वजन चुकलं की स्टिकर मारून भागत नाही. पॅकबंद मालाच्या वजनमापाचे २०११ चे जे नियम आहेत त्यात छापलेली माहिती बदलायला वेगळं स्टिकर लावता येत नाही, किंमत कमी करायची असेल तर तेवढी सूट आहे. म्हणून तर तुमचे बॉक्स रद्दीत गेले ना.

डिझाइन आणि रंग हे सीनिअरचं. तिथे ए त्याचा आणि फक्त त्याचा, सरांचा नाही, तुमचाही नाही.

आणि तिसरी, नवीन ओळ: प्रेसला फाइल सोडणं. इथे फाइल पाठवणारा एक आणि हो म्हणणारा दुसरा असला पाहिजे. सहा जणांत एकाच माणसाने काम करून स्वतःच मंजूर करणं बऱ्याच ठिकाणी चालतं, चालायलाच हवं, नाहीतर कामं अडकतील. पण जिथून मागे फिरता येत नाही तिथे नको. छपाईची प्लेट निघाली, मशीन चालू झालं, की पैसे गेले. अशा जागांवर दोन डोकी लागतात.

तर तुमच्या ४० ओळींपैकी बहुतेक मी काढून टाकीन. 'क्लायंटच्या मेलला उत्तर देणे', 'फोल्डर नीट ठेवणे', 'कुरिअर बोलावणे', ही कामं कोण करतं ते गाळ्यातल्या सगळ्यांना माहिती आहे, चुकलं तर दहा मिनिटांत सुधारतं, त्यासाठी चौकोन नकोत. सर म्हणतात ना सहा जणांना कसलं टेबल, ते या ओळींच्या बाबतीत अगदी बरोबर आहेत आणि हे त्यांना तसं सांगा. ओळ ठेवायची की नाही हे ठरवायला मी दोनच प्रश्न विचारते. इथे काम एका हातातून दुसऱ्या हातात जातं का? आणि चुकलं तर पैसे किंवा तारीख परत मिळते का? पहिल्याचं उत्तर हो आणि दुसऱ्याचं नाही असेल तर ओळ राहते. तुमच्या धंद्यात माझ्या हिशोबाने एवढंच उरतं:

| काम | करणार | मंजूर करणार | कळवायचं |
|---|---|---|---|
| बॉक्सवरचा मजकूर पक्का करणं | क्लायंट सांभाळणारी | क्लायंट | ज्युनिअर, सीनिअर |
| डिझाइन आणि रंग | ज्युनिअर | सीनिअर | क्लायंट सांभाळणारी |
| बॉक्स कापायचा डाय बनवायला देणं | प्रॉडक्शन | क्लायंट, डमी बॉक्स बघून | सीनिअर |
| प्रेसला फाइल सोडणं | सीनिअर | तुम्ही (नसाल तर क्लायंट सांभाळणारी) | प्रॉडक्शन, सर |
| पहिली शीट, नवीन जॉब | प्रॉडक्शन | सीनिअर, प्रेसवर जाऊन | तुम्ही |
| पहिली शीट, रिपीट जॉब | प्रॉडक्शन | प्रॉडक्शन | तुम्ही |
| भाव आणि उधारी | क्लायंट सांभाळणारी | सर | तुम्ही |

अक्षरं मुद्दाम काढली आहेत. आर-ए-सी-आय तुम्हाला पाठ आहे, ज्युनिअरला नाही, आणि टेबल वाचायला आधी खालची टीप वाचावी लागली की माणूस ते उघडायचं सोडतो. आणि सी चा कॉलमच ठेवला नाही. तुम्ही सगळे एका खोलीत बसता, विचारायचं असेल तर खुर्ची फिरवून विचारतात. तुमच्या टेबलात सी एवढे आहेत की ते टेबल मानायचं ठरवलं तर प्रत्येक कामाच्या आधी पाच जणांना विचारत फिरावं लागेल, आणि मला वाटतं ते बंद पडायचं खरं कारण हेच आहे, लोकांचा आळस नाही. वेगवेगळ्या जागी बसणारी टीम असती तर सी ठेवायला सांगितला असता, ते पण एका ओळीत एक, फार तर दोन.

पहिल्या शीटच्या दोन ओळी का केल्या ते सांगते, कारण मंजुरी कोणाला द्यायची हे पदावरून ठरवू नये हे त्यातून कळतं. मशीन सेट झाल्यावर पहिली बरी शीट निघते, ती कोणीतरी बघून सही करतो आणि मग पूर्ण जॉब चालतो. आत्ता तुमच्याकडे प्रॉडक्शनवाला शीटचा फोटो काढून ग्रुपवर टाकतो आणि सीनिअर लोअर परळहून ओके टाइप करतो. फोनवर केशरी रंग कळत नाही हो, प्रेसच्या ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो, त्यात प्रत्येक फोनची स्क्रीन वेगळी. म्हणजे सीनिअरची ती मंजुरी नुसती कागदावरची आहे. दोनच प्रामाणिक मार्ग आहेत: एकतर त्याने वडाळ्याला जावं, नवीन जॉबला जायलाच हवं, किंवा जो जागेवर उभा आहे त्यालाच मंजुरीचा हक्क द्यावा. रिपीट जॉबला प्रॉडक्शनवाल्याच्या हातात मागच्या वेळची सही केलेली शीट असते, ती शेजारी ठेवून तोच ठरवू शकतो. मंजूर करणाऱ्याला वस्तू डोळ्यासमोर दिसली पाहिजे, तेवढा वेळ असला पाहिजे, आणि 'थांबवा' म्हणता आलं पाहिजे. तिन्हीतलं एक जरी नसेल तर तिथे दुसरं नाव घाला.

आता मंजुरी म्हणजे नेमकं काय बघायचं, हे टेबल सांगत नाही. ही त्याची मर्यादा आहे आणि ती धरूनच चालायचं. तुमचं नाव चौथ्या ओळीत घातलं आणि तुम्ही फाइल न उघडताच ओके टाकलंत तर परत तेच. म्हणून त्या ओळीसाठी रीत ठरवा. क्लायंटचं ओके आलं की क्लायंट सांभाळणारीने ती मंजूर पीडीएफ, उदाहरणार्थ `Kaju_200g_v5.pdf`, 'मंजूर' नावाच्या फोल्डरमध्ये टाकायची, आणि त्या फोल्डरमध्ये दुसऱ्या कोणी काही टाकायचं नाही. प्रेसला जी जाईल ती तिथूनच जाईल. सीनिअरला रंगात सुधारणा करायचीच असेल तर त्याने v5 वर करून v6 बनवायची आणि ती परत क्लायंटकडे जाणार, कितीही छोटी असली तरी. तुम्ही हो म्हणायच्या आधी मंजूर फाइल आणि प्रेसला जाणारी फाइल शेजारी उघडून वजन, किंमत आणि लायसन्स नंबर बोट ठेवून वाचायचे. पाच मिनिटांचं काम. आणि तुमचं ओके असं लिहायचं: "`Kaju_200g_v5.pdf` प्लेटला सोडा." नुसता अंगठा चालणार नाही, तुमचाही नाही आणि क्लायंटचाही नाही. क्लायंट अंगठाच दाखवतो, त्याला वळण लावणं कठीण, मग क्लायंट सांभाळणारीने खाली लिहायचं की v5, २०० ग्रॅम, तुमचं ओके धरतोय, बरोबर ना? तो 'हो' म्हणेल. झालं. डायच्या ओळीतही तसंच, क्लायंटने कोरा डमी बॉक्स हातात घेऊन त्यात खरी काजू कतली भरून, झाकण लागतं का बघून मग हो म्हणायचं, ड्रॉइंग बघून नाही.

कळवायचं या कॉलमबद्दलही थोडं. कळवणं म्हणजे काम झाल्यावर एक मेसेज, आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायचं. सरांनी तो मेसेज संध्याकाळी वाचला तरी प्लेट थांबत नाही. पण ज्याला कळवलं त्याला चूक दिसली तर त्याने ओरडायचं, तो हक्क सगळ्यांना आहे, ज्युनिअरलासुद्धा. मंजूर करायचा हक्क एकाला, थांबवा म्हणायचा सगळ्यांना.

सीनिअरचं रुसणं. मला त्याची बाजू कळते. तुमच्या टेबलात त्याच्या प्रत्येक ओळीवर अजून कोणाचा तरी ए आहे, त्याच्या स्वतःच्या कामात, रंगातसुद्धा. कॉलम वरून खाली वाचून बघा म्हणजे त्याला काय दिसलं ते तुम्हालाही दिसेल. नवीन टेबलात रंग त्याचा आहे, नवीन जॉबची पहिली शीट त्याची आहे, आणि त्यात सरही बोलू शकत नाहीत, हे त्याला आधी दाखवा. मग प्रेसच्या ओळीबद्दल सांगा की फाइल तू सोडतोस म्हणूनच दुसऱ्याने बघायचं, उद्या मी सोडायला लागले तर माझी तू बघशील. शक्य असेल तर ती ओळ त्याच्यासोबत बसून लिहा, त्यालाच विचारा की त्या दिवशी तुला कुठे कळलं असतं की २०० ग्रॅमवाली नवीन फाइल आली आहे. माझा अंदाज आहे की त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणूनच मजकुराच्या ओळीत कळवायचं म्हणून त्याचं नाव घातलंय.

सरांचा कॉलमही असाच वाचा. ४० पैकी २६ ओळींत त्यांचा ए आहे. तुम्ही आदराने घातलात, पण त्याचा अर्थ असा होतो की सर फ्लाइटमध्ये बसले की गाळा बंद. मग होतं काय, घाईत त्यांना न विचारताच काम पुढे जातं आणि सगळ्यांना कळतं की ए असून नसल्यासारखा आहे. त्यांच्याकडे भाव, उधारी, हे पैशाचे निर्णय ठेवा. कागदखरेदीत किती रुपयांपर्यंत प्रॉडक्शनवाल्याने स्वतः ठरवायचं तो आकडा त्यांनाच सांगायला लावा. आणि एक अवघड गोष्ट त्यांच्याशी एकट्याने बोला, सगळ्यांसमोर नको: ते प्रेसवाल्याला थेट फोन करून 'चालू करा' म्हणतात का? मालक लोक म्हणतात, प्रेसवाले वर्षानुवर्षांचे ओळखीचे असतात. म्हणत असतील तर चौथी ओळ त्या एका फोनमध्ये संपली. त्यांना सांगा की तुम्ही मला फोन करा, मी फाइल बघून पाच मिनिटांत सोडते. आणि प्रेसवाल्यालाही सांगून ठेवा की फाइलच्या नावासकट लिहिलेला मेसेज माझ्याकडून आल्याशिवाय प्लेट काढू नका. त्यालाही हे आवडेल, वाया गेलेल्या जॉबचं भांडण त्याच्याही दारात येतं.

बदली माणसाचं विसरू नका. कंसात एक नाव घातलंय तसं प्रत्येक मंजुरीला घाला. तुमचा सीझनच असा आहे, दिवाळीच्या बॉक्सची गर्दी ऐन गणपतीत सुरू होते आणि तेव्हा अर्धी मुंबई कोकणात असते. प्रॉडक्शनवाला आठ दिवस गावी गेला तर पहिली शीट कोण बघणार, हे तो एसटीत बसायच्या आधी ठरलेलं हवं. बदली म्हणून सगळीकडे तुमचंच नाव येत असेल तर थांबा, कारण मग सोडणारे आणि बघणारे दोन्ही तुम्हीच होऊन बसाल.

चालू करताना 'आजपासून सगळ्यांनी पाळायचं' असं जाहीर करू नका. पुढचा एकच जॉब घ्या, नवीन क्लायंटचा असेल तर उत्तम, आणि या सात ओळींवर तो नेऊन बघा. टेबल एक्सेलमध्ये नको, एका ए-फोर कागदावर प्रिंट काढून सीनिअरच्या आणि तुमच्या टेबलामध्ये भिंतीला लावा, आणि जॉब चालू असताना पेनाने खाडाखोड करा. 'हे कोणाला विचारू?' असा प्रश्न कोणी मोठ्याने विचारला की समजा तिथे ओळ कमी आहे किंवा नाव चुकलंय, लगेच लिहा. एखाद्या ओळीत मंजुरी दर वेळी फाइल उघडायच्या आत येत असेल तर तिथे कोणी बघत नाहीये, मग एकतर काय बघायचं ते लिहून काढा किंवा ती मंजुरीच रद्द करा. माणूस बदलला, प्रेस बदलली, की त्या दिवशी कागद परत काढायचा, एरवी महिन्यातून एकदा चहा पिताना नजर टाकली तरी पुरे.

सरांशी बोलण्याचं या आठवड्यात उरकून घ्या, कारण चौथी ओळ त्यांच्या संमतीशिवाय चालणार नाही. आणि त्यांच्याकडे ४० ओळींची शीट घेऊन जाऊ नका, वाया गेलेल्या बॉक्सपैकी एक आणि हा एक कागद घेऊन जा.